पेपरातलं उत्तर आणि समुद्रातला हिशेब



आपल्या पोरांना परीक्षेत एक दीर्घोत्तरी प्रश्न येतो : 'सुपोषण म्हणजे काय? शैवालवाढ व मृत क्षेत्र कसे तयार होते ते टप्प्याटप्प्याने लिहा.' गाईडातलं उत्तर चार ओळींचं असतं. शेतकरी जादा खत टाकतात, खत पाण्यात जातं, शेवाळ माजतं, मासे मरतात. पोरगं पाठ करतं आणि बापाला गुन्हेगार ठरवून गुण घेऊन येतं. या उत्तरात खोटं फारसं नाही, पण अर्धा हिशेब गायब आहे. तो मेक्सिकोच्या आखाताचं उदाहरण घेऊन मांडायला हवा, कारण तिथली मोजणी १९८५ पासून होत आली आहे.

पहिला टप्पा शेतातला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याची शेती आहे. जमीन मुळात पाणथळ, म्हणून तिथे तीन-चार फूट खोल भोकाच्या नळ्या पुरून जादा पाणी ओढ्यात काढून देतात. नत्राचं खत बरेच जण पेरणीच्या आधी, कधी आदल्या हिवाळ्याच्या तोंडालाच देतात. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण विद्युतभार आणि मातीच्या कणावरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. (स्फुरदाचं उलट आहे. ते मातीला चिकटतं आणि मातीबरोबरच वाहून जातं.) वसंतात पाऊस येतो तेव्हा मक्याची मुळं अजून बोटभर असतात. खाणारा कोणी नाही, म्हणून नायट्रेट नळीवाटे ओढ्याला, ओढ्यातून मिसिसिपी नदीला आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या समुद्राला मिळतं.

वाहून नेणारा पाऊसच, याचा पुरावा पाहा. १९८८ साली तिथे दुष्काळ पडला आणि त्या वर्षी मृत क्षेत्र जवळजवळ दिसलंच नाही. १९९३ साली मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा ते आधीच्या वर्षांच्या सरासरीच्या दुपटीवर गेलं. शेतकरी तेच होते. फरक पाण्याने केला.

दुसरा टप्पा समुद्रातला, आणि गाईडं इथेच घाई करतात. नदीचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. उन्हाळ्यात वारा मंद असला की गोडं पाणी खाऱ्यावर झाकणासारखं बसतं. वरच्या थरात ऊन आणि नत्र दोन्ही भरपूर, म्हणून सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढतं. त्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं. ते मरून तळाला जातं, जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू खर्च करतात. झाकण असल्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. एका लिटरमध्ये दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू उरला की त्या भागाला मृत क्षेत्र म्हणतात. मासे पळून जातात. तळाचे किडे, शिंपले यांना पळता येत नाही. २०१७ साली हे क्षेत्र २२,७२० चौरस किलोमीटर मोजलं गेलं. आपला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याहूनही मोठं. पुढे वादळं आली, पाणी घुसळलं, की झाकण मोडतं आणि समुद्र पुन्हा श्वास घेतो.

म्हणजे पोराने उत्तरात तीन गोष्टी लिहाव्यात : अन्नद्रव्य, ते नेणारं पाणी आणि वर बसलेलं झाकण. निव्वळ 'खत' लिहून गुण मिळतील, समज मिळणार नाही.

आता आपल्याकडे बघा. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला ओल बघून युरियाची मूठ टाकतो. आपल्या रानात नळ्याही नाहीत. एका रात्रीत चार इंच पाऊस कोसळला तर आपलंही खत ओढ्याला जातं, हे नाकारायचं कारण नाही, शिवाय तो तोटा आधी आपल्याच खिशाचा. पण उजनीच्या धरणाचं पाणी हिरवं होतं त्याचा हिशेब मांडताना भीमेच्या वरच्या अंगाला पुणे-पिंपरीचं सांडपाणी येऊन मिळतं, हे का गाळायचं? मैला आणि साबणाच्या पाण्यातही नत्र-स्फुरद असतं, आणि गोड्या पाण्यात शेवाळाला बहुधा स्फुरदच कमी पडत असतं. ते मिळालं की ते माजतं. शेततळ्यावर हे ओळखायचं तर पहाटे जा. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री स्वतःच खातं. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले तर पाणी बिघडलं समजा.

अमेरिकेने २००१ साली ठरवलं होतं की हे क्षेत्र २०१५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणू. ते झालं नाही, मुदत २०३५ वर नेली. एक कारण सरळ आहे : आज खत कमी केलं तरी जमिनीत आणि भूजलात आधीच उतरलेलं नायट्रेट पुढची कित्येक वर्षं नदीला येतच राहतं.