स्वरांची काटकसर

नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांची तासाभराची मैफल मोबाइलवर ऐकावयाची, तर किती डेटा खर्ची पडेल? हे बिटरेटवर, म्हणजे सेकंदाच्या आवाजासाठी किती बिट वापरले यावर ठरते. 320 किलोबिटचा दर घेतल्यास, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला 40 किलोबाइट आणि तासाला 144 मेगाबाइट होतात. 128 च्या दराने सुमारे 58 मेगाबाइटच लागतात.

ही बचत फुकटची नव्हे. बिट अपुरे पडले की कानाला कमी जाणवणारे नादांश आधी वगळले जातात. मग तंबोऱ्याची जवारी बोथट होते, टाळ्यांचा कडकडाट पाण्यासारखा खळखळतो. चलच्चित्रात धावत्या दृश्याचे चौकोनी ठिगळ दिसू लागतात.

दर वाढवीत गेल्यास मात्र सीमान्त उपयोगिता झपाट्याने घटते. तेव्हा मोजका डेटा असलेल्या विद्यार्थ्याने 128 वर गाणे ऐकले तर मी त्याला शहाणाच म्हणेन. संग्राहकाची गोष्ट निराळी. जुन्या ध्वनिफिती 128 ने उतरवून मूळ फिती टाकून देणे मला घातक वाटते. तीच फाइल पुढे 320 मध्ये बदलली, तर आकार अडीचपट होतो. गेलेली जवारी परत येत नाही. आधी काटछाट न केलेली प्रत करून ठेवावी. धाकटी प्रत तिच्यातून केव्हाही काढता येते.