कुठनं तोडू?

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी उचगावहून काकूंनी एक फोटो पाठवला. परसातला कढीपत्ता. खाली नुसत्या काठ्या आणि वर छत्रीसारखा हिरवा झुबका, तोही न्हाणीघराच्या पत्र्याला टेकलेला. फोटोमागोमाग फोन आला.

"तुझे काका म्हणतायत, बुडातनं तोडून टाकूया, परत फुटतंय. मला भीती वाटते. तू बघून सांग, कुठनं तोडू?"

भीती मलाही होती, कारण एक कढीपत्ता मी स्वतः मारला आहे. बंगळूरला बाल्कनीतल्या कुंडीत होता, असाच उंच वाढलेला. एक व्हिडिओ पाहून उत्साहाने वीतभर खोड ठेवलं आणि वरचं सगळं उडवलं. ऑगस्ट महिना होता. एकही पान न उरल्याने झाड पाणी ओढत नव्हतं आणि मी मात्र रोज पहिल्याइतकंच पाणी घालत होतो. तीन आठवड्यांत खोड वरून काळं पडत खाली आलं. उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली. त्यामुळे काकूंना लगेच उत्तर दिलं नाही. आधी आणखी दोन फोटो मागितले, एक बुडाचा आणि एक मधल्या उघड्या काठीचा, अगदी जवळून.

पहिल्या फोटोवरून झाड असं का झालं एवढंच कळत होतं. आपण जिला कढीपत्त्याची काडी म्हणतो, ती फांदी नाही. पंधरा-वीस लहान पानांचं ते एकच पान आहे. फांदी फुटण्याचा डोळा त्या काडीच्या बुडाशी, खोडाला लागून असतो. घरोघरी फोडणीसाठी हाताला येणाऱ्या खालच्या काड्या ओढल्या जातात आणि शेंड्याला कोणी हात लावत नाही. शेंडा शाबूत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. तिथे तयार होणारं संप्रेरक खाली उतरतं आणि त्यांना फुटू देत नाही. म्हणजे खालून पानं गेली, डोळे निजलेले राहिले आणि झाड वर वर पळालं. काकूंच्या झाडाला रोग नव्हता, पंचवीस वर्षांच्या आमटीचा तो परिणाम होता.

धारवाड भागातले कढीपत्ता पिकवणारे शेतकरी याच्या उलट करतात. रोप साधारण मीटरभर झालं की शेंडा खुडतात, म्हणजे बाजूने पाच-सहा फांद्या फुटतात. मग काढणी करताना पानं न ओरबाडता फांद्याच कापतात. झुडूप कंबरेएवढंच राहतं.

मधल्या काठीच्या फोटोत मला हवं ते दिसलं. सालीवर ठरावीक अंतराने अर्धचंद्रासारखे व्रण होते. जुन्या काड्या गळाल्या त्या या जागा, आणि प्रत्येक व्रणाच्या वर एक डोळा अजून असतो. कापायचं ते अशा व्रणाच्या बोटभर वर. दोन व्रणांच्या मध्येच कापलं तर वरचा तुकडा वाळतो आणि कधी कधी ते वाळणं खाली उतरतं.

बुडाचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा ठरला. जमिनीतून तीन खोडं आली होती, एक मनगटाएवढं आणि दोन अंगठ्याएवढी. शिवाय हातभर अंतरावर मुळातून आलेला एक कोवळा फुटवा होता. काका तो आधी काढणार होते. त्यांना म्हटलं, तो राहू दे. हे झाड बियांचं आहे, त्यामुळे मुळातला फुटवा म्हणजे तेच झाड, तोच वास.

(गुलाबाचं मात्र याच्या बरोबर उलट. बाजारातलं गुलाबाचं कलम रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. बुडाजवळच्या गाठीच्या खालून सोट आला तर तो रानटी असतो. तो मुळापासून ओढून काढावा लागतो, नाहीतर दोन वर्षांत कलमाला खाऊन टाकतो. म्हणून गुलाब असो की कढीपत्ता, फोटो पाठवताना आधी बुडाचा पाठवा. फुलांचा मागून पाठवला तरी चालेल.)

एक गोष्ट फोटोत दिसत नाही, ती म्हणजे खोड आतून जिवंत आहे का. काकूंना सांगितलं, तिन्ही खोडं कंबरेच्या उंचीवर नखाने जरा खरवडा. सालीखाली ओला हिरवा रंग दिसला तर ठीक, कोरडा तपकिरी दिसला तर आणखी खाली खरवडून पाहा. दोन हिरवी निघाली. एका अंगठ्याएवढ्या खोडाचा वरचा भाग मेलेला होता आणि हिरवं गुडघ्याजवळ सुरू झालं.

आता निर्णय सोपा झाला. जाड खोड तीन फुटांवर कापायचं. अर्धं मेलेलं गुडघ्याजवळ, हिरव्यात येऊन कापायचं. तिसऱ्याला यंदा हात लावायचा नाही. नवी पालवी येईपर्यंत मुळांना पोसायला त्याची पानं लागतील, आणि काकूंच्या फोडणीलाही.

पण डिसेंबरात नाही. आपल्याकडच्या थंडीत कढीपत्ता जवळजवळ झोपतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या 'डीडब्ल्यूडी-१' आणि 'डीडब्ल्यूडी-२' अशा दोन जाती आहेत. त्यांत पहिलीची वाढ थंडीत मंदावते, दुसरीला थंडीचं फारसं वाटत नाही. परसातल्या झाडाची जात कोण सांगणार? म्हणून फेब्रुवारी संपताना, हवा तापायला लागली की कापायचं ठरलं. पावसाळा तर नकोच. उचगावच्या पावसात कापलेली जागा आठवडाभर ओलीच राहते आणि तिथून बुरशी आत शिरते.

होळीच्या आधीच्या रविवारी मी गावी होतो. काकांनी करवत घेतली. जाड खोड आधी खालच्या बाजूने बोटभर चिरून घेतलं आणि मग वरून कापलं, नाहीतर फांदीच्या वजनाने साल खालपर्यंत सोलत जाते. काप थोडा तिरका ठेवला. पाणी निम्म्यावर आणायचं, पालवी दिसेपर्यंत शेणखतही नाही, एवढं काकूंना बजावून मी निघालो.

साडेतीन आठवड्यांनी फोटो आला. जाड खोडावर व्रणांच्या वर पाच तांबूस ठिपके होते. गुडघ्याजवळच्या खोडावर काहीच नव्हतं. सहा आठवड्यांनी काकूंनी पुन्हा खरवडलं, तर कापाखाली चार बोटं तपकिरी झालं होतं. आणखी खाली कापलं. मे महिन्यात तिथेही एक फुटवा आला.

मेमध्येच दुसरा फोन आला. "पानावर पाखराची घाण पडल्यागत काय तरी दिसतंय, आणि पानं कुरतडलेली." ती घाण नव्हती, लिंबावरच्या फुलपाखराची अळी होती. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला आहे, आणि छाटणीनंतरची कोवळी पालवी तिला फार आवडते. हाताने वेचल्या की पुरतं. आठ-दहाच होत्या.

फुटवे फूटभर झाल्यावर त्यांचे शेंडे खुडायला सांगितले. आता प्रत्येकाला दोन-तीन फांद्या आहेत. फुलांचे घोस आले की काकू ते काढतात, कारण घोस फांदीच्या टोकाला येतो आणि ती फांदी तिथेच थांबते. फोडणीसाठीही आता काडी ओढत नाहीत, शेंडाच दोन-तीन काड्यांसकट मोडतात.

तिसरं खोड अजून पत्र्याला टेकलेलं आहे. त्याची पाळी येत्या फेब्रुवारीत. काकांनी करवतीला धार लावून ठेवली आहे, आणि काकूंनी ती लपवून.