सेन्सेक्स हिरवा, मग आपले शेअर लाल का?

उंद्रीच्या स्टँडवर चिखलीच्या एसटीची वाट बघताना एका मित्राने मोबाइल पुढे केला. "मार्केट वर आहे म्हणतात, मग माझे सगळेच शेअर लाल कसे?" चूक आपलीच, असं धरून तो बसला होता. पण त्या दिवशी बाजारातले बहुतेक शेअर खालीच होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सेन्सेक्समध्ये फक्त ३० कंपन्या असतात आणि त्यातही सगळ्यांना सारखं मत नसतं. प्रवर्तकांकडचे शेअर वगळून बाजारात ज्या कंपनीचं मूल्य मोठं, तिचं वजन जास्त. समजा, एका निर्देशांकात दहाच कंपन्या आहेत. दोन बड्या कंपन्यांचं वजन प्रत्येकी ३० टक्के, उरलेल्या आठांचं प्रत्येकी ५ टक्के. बड्या दोघी ३ टक्क्यांनी वाढल्या, तर निर्देशांकाला १.८ टक्के मिळाले. बाकीच्या आठही २ टक्क्यांनी पडल्या, तर ०.८ टक्के गेले. निर्देशांक १ टक्का वर! दहातल्या आठ पडल्या, तरी बातमी तेजीचीच.

हे पकडायचं तर वाढलेल्या शेअरच्या संख्येला पडलेल्यांच्या संख्येने भागायचं. यालाच ॲडव्हान्स-डिक्लाइन रेशो म्हणतात. वरच्या उदाहरणात दोन भागिले आठ, म्हणजे ०.२५. एकच्या वर असेल तर वाढणारे जास्त, खाली असेल तर पडणारे जास्त.

२०१८ साली हेच वर्षभराच्या हिशेबात दिसलं. सेन्सेक्स जवळपास ६ टक्के वाढला, पण बीएसईचा मिडकॅप निर्देशांक सुमारे १३ टक्के आणि स्मॉलकॅप सुमारे २३ टक्के पडला. "मार्केट वर आहे" म्हणून छोट्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवणाऱ्यांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात हा आकडाही सगळं सांगत नाही. तो फक्त डोकी मोजतो. अर्धा टक्का पडलेला आणि दहा टक्के पडलेला शेअर त्याला सारखाच. दिवसभरात मोजकेच व्यवहार झालेला शेअरही त्यात धरला जातो. म्हणून एका दिवसावर जाऊ नका. रोज वाढलेल्यांतून पडलेले वजा करून बेरीज पुढे नेत राहा. निर्देशांक चढतोय आणि ही बेरीज आठवडेच्या आठवडे उतरतेय, तर तेजी मोजक्या खांद्यांवर उभी आहे, असं समजा. बाजार कधी पडेल, हे मात्र त्यातून कळत नाही. अशी विसंगती महिनोन्‌महिने चालू शकते.

आपल्याकडे बाजार समितीत सोयाबीनचा नुसता कमाल भाव ऐकून कुणी गाडी भरत नाही, सर्वसाधारण भाव आधी विचारतात. मग वर्तमानपत्रांनी आणि चॅनेलांनी सेन्सेक्सशेजारी 'वाढले किती, पडले किती' हे दोन आकडे का देऊ नयेत? शेअर बाजार ते रोज जाहीर करतात. जागा लागते एका ओळीची.