विश्लेषण : वस्तू परत केली, मग पॉइंटचे काय होते?

पातूरच्या ग्राहकाने मोबाइलवरून मागवलेले सामान चार-पाच दिवसांत घरपोच येते आणि पसंत पडले नाही तर परतही जाते. पैसे परत मिळाले, की व्यवहार संपला असे वाटते. पण त्या खरेदीत ‘रिवॉर्ड पॉइंट’ वापरले असतील, तर हिशोब तिथे संपत नाही.

पॉइंटची वही कशी चालते?

दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखीच. वहीत जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवी नोंद करतात. पॉइंट मिळाले, वापरले, मुदत संपून गेले, परताव्यामुळे उलटले, अशी प्रत्येक घटना स्वतंत्र ओळ असते आणि शिल्लक म्हणजे या ओळींची बेरीज. पॉइंट तारखेनुसार गठ्ठ्यांत ठेवले जातात, कारण प्रत्येक गठ्ठ्याची मुदत वेगळी असते.

पॉइंट कधी मिळतात?

ऑर्डर दिल्यावर नव्हे, पैसे भरल्यावर. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’त तर वस्तू हाती येऊन पैसे दिल्यावरच. त्यानंतरही अनेक योजनांत पॉइंट ‘प्रलंबित’ राहतात आणि वस्तू परत करण्याची मुदत संपली, की वापरता येतात. ते लगेच दिले, तर ग्राहक खर्च करून टाकतो आणि नंतर वस्तू परत करतो. मग कंपनीला एकतर खात्यात उणे शिल्लक दाखवावी लागते किंवा परताव्याच्या रकमेतून कपात करावी लागते.

उदाहरणाने पाहू

समजा, एका योजनेत शंभर रुपयांच्या रोख खरेदीवर 2 पॉइंट मिळतात आणि 1 पॉइंट म्हणजे 1 रुपया. ग्राहकाकडे 100 पॉइंट आहेत. त्यातल्या 60 पॉइंटची मुदत 31 मार्चला, तर 40 पॉइंटची 30 जूनला संपते.

20 मार्चला त्याने 1,500 रुपयांचा मिक्सर आणि 500 रुपयांचे पातेले मागवले. 80 पॉइंट वापरून उरलेले 1,920 रुपये भरले. आधी मुदत संपणारे आधी, या नियमाने 60 पॉइंट मार्चच्या गठ्ठ्यातून आणि 20 जूनच्या गठ्ठ्यातून गेले. या खरेदीवर 38 नवे पॉइंट प्रलंबित म्हणून नोंदले गेले.

सामान 28 मार्चला आले. 5 एप्रिलला, परताव्याच्या मुदतीत, पातेले परत गेले. एकूण ऑर्डरमध्ये पातेल्याचा वाटा एक चतुर्थांश. म्हणून 480 रुपये आणि 20 पॉइंट परत मिळायला हवेत. नवे पॉइंटही घटतात. मिक्सरसाठी प्रत्यक्ष 1,440 रुपये भरले, त्यावर 28 पॉइंट बसतात. म्हणजे 38 मधले 10 कमी होतात.

खरी मेख कुठे?

परत येणाऱ्या 20 पॉइंटमध्ये. ते ज्या गठ्ठ्यांतून गेले त्याच प्रमाणात परत आले, तर 15 मार्चच्या आणि 5 जूनच्या गठ्ठ्यात जातील. पण मार्चची मुदत तर संपली आहे. मग वहीत ‘15 जमा’ आणि लगेच ‘15 बाद’ अशा दोन ओळी येतात आणि 500 रुपयांच्या वस्तूपोटी ग्राहकाला 485 रुपयांचेच मूल्य मिळते. दुसरी पद्धत उशिरा संपणाऱ्या गठ्ठ्यात आधी जमा करण्याची. तीत वीसही पॉइंट जूनपर्यंत टिकतात. तिसरीत परत आलेल्या पॉइंटना नवी मुदत दिली जाते. तिन्ही पद्धतींत वही चोख जुळते; फरक पडतो तो ग्राहकाच्या खिशाला.

मुदत ठेवतातच कशाला?

न वापरलेले पॉइंट हे कंपनीवरचे देणे असते. 2018 पासून लागू असलेल्या ‘इंड एएस 115’ या लेखामानकानुसार, ग्राहकाला खरा लाभ देणाऱ्या पॉइंटच्या वाट्याचे उत्पन्न कंपनीला विक्रीच्या दिवशी पूर्ण दाखवता येत नाही. पॉइंट वापरले गेल्यावर किंवा बाद झाल्यावर ते उत्पन्नात येते. मुदत नसेल, तर हे ओझे वहीत अनिश्चित काळ पडून राहते.

ग्राहकाने काय पाहावे?

वस्तू परत करण्याआधी पॉइंटच्या इतिहासाचे पान पाहावे आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. शिल्लक एकच आकडा दाखवते, फरक कळतो तो ओळींमधून. परताव्यानंतर रोख रक्कम आणि पॉइंट यांची बेरीज वस्तूच्या किमतीइतकी येते का, ते तपासावे. कमी आली, तर कोणते पॉइंट कोणत्या तारखेला बाद झाले हे विचारावे. ई-कॉमर्स नियम 2020 नुसार परताव्याच्या अटी ग्राहकाला दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचा निपटारा करायचा असतो. तिथे दाद लागली नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र ‘मुदत संपलेले पॉइंट परत मिळणार नाहीत’ असे अटींत आधीच लिहिले असेल, तर ग्राहकाची बाजू कमकुवत होते. म्हणून पॉइंट वापरतानाच ही एक ओळ शोधून वाचलेली बरी.