‘खुशीने द्या’ पुरे झाले, आता दर ठरवा!

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. इथे किंवा आसपासच्या कोणत्याही गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक बाई दारात येते. ती बाळंतिणीचे अंग चोळते, लेकराला तेल लावून न्हाऊ घालते, शेक देते आणि दुपटी धुते. हे सव्वा महिना चालते. तिला रोजचे किती घेणार असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, “द्या तुमच्या खुशीने.” आमचा आक्षेप या ‘खुशी’वर आहे. ही खुशी म्हणजे बलुत्याचा उरलेला अवशेष आहे, असे आम्ही मानतो.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत सुईणपण मातंग समाजातील बायांकडे होते. काही ठिकाणी ते इतर अस्पृश्य जातींकडे होते. बाळ पहिल्यांदा जिच्या हातात येई, तिच्याच हातचे पाणी त्या घराला चालत नसे. नाळ कापणे विटाळाचे काम, म्हणून ते जातीवर लादलेले. मोबदला म्हणजे धान्य, जुने लुगडे आणि उपकाराची भाषा. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. आई आणि बाळाच्या जिवासाठी ते योग्यच झाले. पण सुईणीच्या हातून बाळंतपण गेले आणि फक्त नंतरची सेवा उरली. काम बदलले, मोबदल्याची रीत तीच राहिली.

हिशेब मांडून पाहू. बाळंतिणीची मालीश 40 मिनिटे, लेकराची मालीश आणि आंघोळ अर्धा तास, आंघोळीचे पाणी व शेक अर्धा तास, कपडे 20 मिनिटे. हे दोन तास झाले. जाण्या-येण्याचा अर्धा तास धरला तर अडीच तास. आता समजा, शेवटी साडी-नारळाबरोबर दोन हजार रुपये हातात पडले. 40 दिवसांनी भागले तर रोजचे 50 रुपये, म्हणजे तासाला 20 रुपये. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये आहे. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 39. म्हणजे मातीच्या कामाला जे मिळते, त्याच्या जवळजवळ निम्मे नवजात लेकरू हाताळणाऱ्या बाईला मिळते!

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मालीश प्रत्येक घराला सकाळीच हवी असते. त्यामुळे एका बाईची दिवसात फार तर दोन घरे होतात. अडीच तासांचे अकुशल मजुरीने 98 रुपये होतात. कौशल्याचे तेवढेच धरले तर एका घराचा रोज 200 रुपये हा दर अवाजवी नाही. सव्वा महिन्याचे साधारण आठ हजार होतात.

इथे आपलेच लोक विचारतील, कापूस वेचणाऱ्या घराने आठ हजार आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, तेही हप्त्यांनी. यावर आमचे म्हणणे असे की दर पाडू नका, काम कमी करा. ज्यांना परवडत नाही त्यांनी फक्त लेकराची मालीश-आंघोळ सांगावी. येण्याजाण्यासह तो तासाभराचा मामला आहे, 80 रुपयांत बसतो. किंवा पहिले 14 दिवस पूर्ण काम घ्यावे आणि पुढे घरच्या बाईने शिकून करावे. एका गरीब बाईची सोय दुसऱ्या गरीब बाईच्या फुकट श्रमावर उभी राहू नये.

मात्र कौशल्याचे पैसे मागायचे तर कौशल्य असले पाहिजे, हेही स्पष्ट बोलू. तेल सगळ्यांनाच लावता येते. हात कुठे थांबवायचा हे कळणे, ही खरी जाण. दूध पाजल्याबरोबर मालीश करायची नाही. नखे कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले हवेत. लेकराच्या नाकात, कानात तेल सोडायचे नाही. नाकातले तेल फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती आईच्या संप्रेरकांमुळे सुजलेली दिसते. ती पिळून ‘दूध काढायची’ रीत आहे, त्यातून गळू होते. नाळेवर हळद, राख काही नको, ती कोरडी ठेवायची. बंद खोलीत कोळशाची शेगडी, ओवा-शेपाची धुरी नको. लेकरू अडीच किलोच्या आत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय आंघोळ घालायची नाही, कारण ते लवकर गार पडते. पाय गार आणि पोट गरम लागले तर ताबडतोब आईच्या अंगाशी कातडीला कातडी लावून ठेवायचे. पोटही गार लागले तर तसेच उबेत ठेवून दवाखाना गाठायचा.

आईचेही तसेच आहे. सिझर झालेल्या पोटावर मालीश नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तासाभरात कपडा भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वास, जोराची डोकेदुखी असेल तर त्या दिवशी मालीश बंद आणि दवाखाना.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते : 3, 7, 14, 21, 28 आणि 42. सातव्या आणि चौदाव्या दिवसांच्या मधले सहा दिवस लेकराला उघडे करून रोज पाहणारे बाहेरचे माणूस कोण? ही मालीशवालीच. तळहात-तळपाय पिवळे झाले, लेकरू दूध ओढत नाही, पूर्ण मिनिट मोजल्यावर श्वास 60 किंवा जास्त भरतात, हे तिला ओळखता आले तर ते सहा दिवस राखणीत जातात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ते काम मालिशीचे नव्हते, पण गावची बाई हे सारे शिकू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. आरोग्य विभागाने मालीशवाल्यांना आशांसोबत बसवून हे शिकवावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

राहिला विश्वास. तो जात पाहून ठेवायचा नसतो, काम पाहून ठेवायचा असतो. पहिले तीन दिवस घरच्या बाईने समोर बसावे. तेल घरचेच असावे. वहीत कामे, वेळ आणि दर लिहावा, पैसे दर आठवड्याला द्यावेत. बाईला सर्दी, ताप किंवा हाताला खरूज असेल तर तिने येऊ नये. लेकरू दवाखान्यात भरती झाले तर त्या दिवसांचे काय, तेही आधीच लिहावे. आणि ज्या घरात ती पोर न्हाऊ घालते, त्या घरात तिला चहा वेगळ्या कपात मिळत असेल तर तिने दुसऱ्या दिवशी जाऊ नये. वस्तीने त्या वेळी तिच्या पाठीशी उभे राहावे.

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. त्या विश्रांतीत मालीशवालीचे दोन तास आहेत. तीही कुणाची आई आहे, तिच्या श्रमाचा भारही कुणीतरी उचललाच पाहिजे. वडनेरच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या तरुणांनी आपल्या गावच्या मालीश करणाऱ्या बायांना एका दिवशी विहारात बसवावे, त्यांच्याकडूनच कामे आणि तास समजून घ्यावेत आणि दरपत्रक लिहून भिंतीवर लावावे. पुढच्या वेळी कुणी विचारले, “किती घेणार?”, तर तिने भिंतीकडे बोट दाखवावे.

जय भीम!