लाल डोळे, पांढरा चष्मा

गेल्या दिवाळीत घरात काढलेल्या फोटोत आमच्या कन्येचे डोळे लालबुंद आले. फ्लॅश भिंगाला खेटून असला, की उजेड बाहुलीतून शिरतो आणि डोळ्यातल्या रक्ताळ पडद्यावरून लाल होऊन परततो. संगणकावर मी फक्त बाहुली निवडली, तिचा रंग काढून ती काळसर केली. चमकेचा पांढरा ठिपका मात्र राखला. तो पुसला तर नजर निर्जीव दिसते.

आईच्या चष्म्यावर मात्र फ्लॅश चकाकला होता. काळोखी वाढवली, तर पांढऱ्याचे करडे झाले. डोळा काही उमटेना. जिथे निव्वळ पांढरे नोंदले गेले, तिथे खाली काही उरतच नाही. चिरंजीव म्हणाले, "जुन्या फोटोतला डोळा चिकटवू." मी नको म्हटले. आई आता नाही. तेव्हा तिला मान जराशी वळवायला सांगायला हवे होते!