विलग करणे आणि भंग करणे

खनिज तेलाच्या शुद्धीकरणाचा परिचय अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी मराठीत आणताना ऊर्ध्वपातन व भंजन या दोन्ही क्रियांसाठी प्रारंभी मी ‘विघटन’ हा एकच शब्द योजला होता. तो शब्द मी आता मागे घेतला आहे.

आमच्या झाशीच्या दक्षिणेस बीना येथे २०११ साली तेलशुद्धी कारखाना सुरू झाला. अशा प्रत्येक कारखान्यात प्रथम तेल सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलके घटक वर जातात, जड घटक खाली राहतात. या ऊर्ध्वपातनात रेणू मोडत नाहीत. १६ कार्बन अणूंचा हेक्झाडेकेन बाहेर पडतानाही १६ अणूंचाच असतो. म्हणून तेलात मुळात असेल तेवढेच पेट्रोल येथे हाती येते.

भंजनात मात्र तोच रेणू तुटून ८ कार्बन अणूंचे ऑक्टेन व ऑक्टीन असे दोन रेणू होऊ शकतात. एका प्रचलित पद्धतीत उत्प्रेरकाची तप्त भुकटी सुमारे ५०० अंशांवर हे कार्य काही सेकंदांत करते. तिच्यावर कोकचे पुट चढून ती निष्क्रिय होते. ते पुट हवेत जाळले की ती पुन्हा कार्यक्षम होते, आणि त्या ज्वलनाचीच उष्णता भंजनास उपयोगी पडते.

दोहोंस एकच नाव दिले, तर मनोरा अधिक तापविल्याने पेट्रोल वाढेल, असा वाचकाचा समज होईल. वस्तुतः तसे केल्यास भट्टीच्या नळ्यांत कोक साचतो. रेणू अखंड राहिला की भंगला, हे ज्या शब्दाने कळत नाही, तो शब्द कितीही सुबोध असला तरी येथे त्याज्य मानावा.